दहा कोटींच्या उंबरठ्यावरचा आकडा

मे २०१९ चा शेवटचा आठवडा. साताऱ्याला ताईच्या घरी आम्ही सगळे रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. आमरसाचं पातेलं मध्ये, पुऱ्या कढईतून थेट ताटात येत होत्या आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा एक घास खाऊन दहा वेळा फोनकडे बघत होता. फोन त्याने पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर चेहरा नव्हता, खेळ नव्हता, गाणं नव्हतं. नुसते दोन आकडे होते, वर एक आणि खाली एक, आणि दोन्हींचे शेवटचे अंक सारखे फिरत होते.

"कोणाचा स्कोर आहे रे?" आईने, म्हणजे त्याच्या आजीने विचारलं. वर्ल्ड कप दोन-चार दिवसांवर आला होता, त्यामुळे तिला ते क्रिकेटच वाटलं.

"स्कोर नाही गं आजी. टी-सीरीजचे दहा कोटी होतायत."

"रुपये?"

"सबस्क्रायबर!"

आईने पुरीचा तुकडा रसात बुडवला आणि पुढे काही विचारलं नाही. टेबलावर आम्ही चार मोठी माणसं होतो. त्या फिरणाऱ्या अंकांत नेमकं काय चाललंय, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. पुढे त्या विषयात मी बरंच खोलवर गेले. तो मुलगा काय बघत होता आणि तो आकडा त्याच्या ताटापर्यंत कसा येत होता, हे त्याच्या आजीलाही कळेल असं सांगता येतं का, ते बघण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

वरचा आकडा टी-सीरीजचा होता. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेट विकत घेतल्या, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. गुलशन कुमार यांनी १९८३ साली दिल्लीत काढलेली ही कंपनी. स्वस्त कॅसेटच्या जोरावर तिची भजनं आणि सिनेमाची गाणी देशभर घराघरांत पोचली. तिचं यूट्यूबवरचं खातं २००६ सालचं. कितीतरी वर्षं ते इतर कंपन्यांच्या खात्यांसारखंच एक होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि ज्या कोट्यवधी लोकांनी तोवर कधी व्हिडिओ पाहिला नव्हता ते एकदम यूट्यूबवर आले. नवा फोन हातात आलेला माणूस आधी काय शोधणार? गाणं. टी-सीरीजचा आकडा चढला तो असा.

खालचा आकडा फेलिक्स शेलबर्ग या स्वीडिश तरुणाचा, म्हणजे प्युडिपायचा. घरात बसून व्हिडिओ गेम खेळत बडबड करणारा हा मुलगा २०१३ च्या अखेरीपासून यूट्यूबवर सर्वाधिक सबस्क्रायबर असलेला माणूस होता. २०१८ च्या मध्यावर टी-सीरीज त्याला मागे टाकणार हे दिसू लागलं आणि त्याच्या चाहत्यांनी ही लढाई एक माणूस विरुद्ध एक कंपनी अशी मांडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याने टी-सीरीजची टर उडवणारं गाणं काढलं. मिस्टर बीस्ट हा तेव्हा तसा नवाच असलेला अमेरिकन यूट्यूबर. त्याने आपल्या गावातले जाहिरातीचे फलक भाड्याने घेऊन त्यांवर प्युडिपायला सबस्क्राइब करा असं लावलं. आपल्याकडे काहींनी याला देशाच्या मानाचा प्रश्न केला. पण माझा भाचा आणि त्याच्या वर्गातली बरीच मुलं प्युडिपायच्या बाजूची होती. त्या रात्री तो जे बघत होता, तो त्याच्या बाजूचा पराभव होता. टी-सीरीजने १४ एप्रिललाच प्युडिपायला कायमचं मागे टाकलं होतं. मेच्या अखेरीस प्युडिपाय नऊ कोटी साठ लाखांच्या आसपास होता आणि टी-सीरीज नऊ कोटी नव्वद लाखांच्या पुढे. आधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र दोघांतलं अंतर काही शेकड्यांवर आलं होतं. टी-सीरीज काही मिनिटांसाठी पुढे जायचं आणि पुन्हा मागे पडायचं. तेव्हा ही मुलं रात्र रात्र जागली होती.

जेवताना आणखी एक गोष्ट कळली. भाच्याने घरातल्या प्रत्येक फोनवरून प्युडिपायला सबस्क्राइब करून टाकलं होतं. आईच्या फोनवरूनसुद्धा.

"म्हणजे मी कोणाला मत दिलं रे?" आईने विचारलं.

या एका प्रश्नात सबस्क्रायबर या आकड्याचं निम्मं मर्म आहे. यूट्यूब माणसं मोजत नाही, खाती मोजतं. एका माणसाची चार खाती असतील तर चार सबस्क्रायबर होतात. सबस्क्राइब करायला पैसे पडत नाहीत, आणि एकदा बटण दाबलं की पुढे त्या चॅनेलचा एकही व्हिडिओ पाहिला नाही तरी माणूस मोजणीत राहतो. माझ्या आईने प्युडिपायचा चेहरा कधी पाहिलेला नाही, तरी साडेनऊ कोटींत ती होती. तशीच टी-सीरीजच्या बाजूने कितीतरी घरांत कोणाची आजी होती. चॅनेलला जाहिरातीचे पैसे मिळतात ते पाहिलेल्या व्हिडिओंवर; सबस्क्रायबरच्या संख्येवर त्याची एक दमडीही थेट ठरत नाही. मग ही संख्या सांगते काय? आजवर कधी ना कधी इतक्या खात्यांनी हो म्हटलं आणि ते अजून मागे घेतलेलं नाही, एवढंच ती सांगते.

आता तो फिरणारा अंक. भाच्याला वाटत होतं की जगात कुठेतरी कोणी बटण दाबलं की त्याच क्षणी त्याच्या पडद्यावर एक वाढतो. प्रत्यक्षात मधे बरीच वाट होती. यूट्यूब आपल्याकडची काही माहिती इतरांच्या संगणकांना मागता येईल अशी उघडी ठेवतं. त्या वेळी एखाद्या चॅनेलचा सबस्क्रायबरचा आकडा मागितला तर तो शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण मिळायचा. सोशल ब्लेडसारख्या संकेतस्थळांचे संगणक दर थोड्या सेकंदांनी तो मागून घ्यायचे आणि पडद्यावर दाखवायचे. समजा, एकदा शेवटचे अंक ४१० आले आणि पुढच्या वेळी ४१६. पडद्यावरचा अंक मात्र ४११, ४१२ असा एकेक घर पुढे सरकत ४१६ वर जायचा, कारण तसं दाखवलं की डोळ्यांना ते जिवंत वाटतं. त्या सरकण्यात खरी घटना कुठेच नव्हती. ती दोन उत्तरांमधली पोकळी भरणारी सजावट होती.

आणि उत्तरं तरी कुठली? त्या रात्री भाच्याचा चुलतभाऊ पुण्याहून फोनवर होता आणि दोघांत भांडण जुंपलं, कारण दोघांच्या पडद्यावर वेगवेगळे आकडे होते. दोघांचंही खरं होतं. यूट्यूबचा हिशेब एका वहीत, एका जागी लिहिलेला नाही. त्याच्या प्रती जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या असतात आणि त्या एकाच क्षणी ताज्या होत नाहीत. बँकेच्या पासबुकावर छापलेली शिल्लक छापतानाच्या घडीची असते. खात्यात त्यानंतर काय झालं हे पासबुकाला कळत नाही. त्या दोन पोरांच्या हातात वेगवेगळ्या वेळी छापलेली दोन पासबुकं होती.

यात आणखी एक थर आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर दिसलेला आकडा यूट्यूबच्या दृष्टीने पक्का नसतोच. पैसे देऊन विकत घेतलेले सबस्क्रायबर, यंत्राने तयार केलेली खाती, बंद झालेली खाती, ही सगळी नंतर शोधून वजा केली जातात. डिसेंबर २०१८ मध्ये, या चुरशीच्या ऐन भरात, अशी एक मोठी सफाई झाली आणि कित्येक चॅनेलांचे आकडे एकाएकी खाली आले. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना वाटलं, आपल्याविरुद्ध काही कट झाला. व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला या आकड्यालाही पूर्वी अशीच सवय होती. तो ३०१ वर येऊन अडकायचा, कारण त्यापुढची मोजणी खरी माणसं करतायत की यंत्रं, हे तपासल्याशिवाय तो पुढे सोडला जात नसे. २०१५ साली ती पद्धत बंद झाली. दिसणारा आकडा आणि मान्य झालेला आकडा यांच्यामधला हा वेळ मात्र आजही असतो. एखाद्या चॅनेलचे सबस्क्रायबर एका रात्रीत उडी मारून वाढले, व्हिडिओ पाहणारे मात्र होते तेवढेच राहिले, तर ती उडी टिकणार नाही असं बहुतेक वेळा समजावं.

मग इतक्या डळमळीत आकड्याकडे एक मुलगा जेवण विसरून का बघतो? याचं एक उत्तर मानसशास्त्रात बऱ्याच काळापासून आहे. क्लार्क हल या अमेरिकन संशोधकाने १९३० च्या दशकात दाखवलं की खाद्याकडे धावणारा उंदीर खाद्याच्या जितका जवळ येतो तितका वेग वाढवतो. माणसांचं काय? २००६ साली रॅन किवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कॉफीच्या दुकानात पाहिलं. दहा कॉफी घेतल्या की एक फुकट, असं शिक्के मारायचं कार्ड लोकांना दिलं. फुकटची कॉफी जवळ आली तशी दोन कॉफींमधली दिवसांची फट कमी होत गेली. मग त्यांनी काहींना बारा चौकोनांचं कार्ड दिलं आणि त्यातले दोन शिक्के आधीच मारून ठेवले. अंतर तेच, दहा कॉफींचं. तरी त्या लोकांनी कार्ड लवकर भरलं. आपण निघालो आहोत आणि शेवट दिसतो आहे, एवढी जाणीवच पाय उचलायला पुरते.

भाच्याच्या बाबतीत मला एक फरक जाणवतो. कॉफी पिणाऱ्याच्या हातात पुढचा शिक्का होता. भाचा बघत राहिला काय आणि झोपला काय, दहा कोटी व्हायचेच होते. पण त्याने घरातले सगळे फोन वापरले होते, वर्गात प्रचार केला होता, आणि म्हणून त्या साडेनऊ कोटींतले पाच-सहा त्याचे होते. एवढ्या मोठ्या संख्येत आपले पाच-सहा आहेत ही भावना मी निवडणुकीच्या मोजणीला टीव्हीसमोर बसलेल्या कार्यकर्त्यांत पाहिली आहे. तिला पोरकट म्हणायला माझं मन धजत नाही. शिवाय तो एकटा नव्हता. त्याच घडीला तोच आकडा बघणारी हजारो मुलं बाजूच्या चौकटीत काही ना काही लिहीत होती. आमच्या टेबलावर तो गप्प होता खरा, पण तो एका मोठ्या गर्दीत उभा होता. ती गर्दी आम्हाला दिसत नव्हती.

त्या गर्दीचं सगळंच निष्पाप नव्हतं, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोणीतरी जगभरच्या असुरक्षित प्रिंटरांत शिरून प्युडिपायला सबस्क्राइब करा अशी पत्रकं छापून घेतली; पन्नास हजार प्रिंटर होते, असं त्याने स्वतः सांगितलं. टी-सीरीजवरच्या टीकेत भारतीयांची टिंगल सर्रास मिसळली. प्युडिपायच्या दोन गाण्यांवर टी-सीरीज दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने ती भारतात दाखवायला मनाई केली. त्याआधी १५ मार्चला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च इथे मशिदींवर हल्ला झाला आणि त्यात ५१ माणसं मेली. हल्लेखोराने गोळीबार सुरू करण्याआधी, कॅमेरा चालू असताना, प्युडिपायला सबस्क्राइब करण्याची तीच हाक उच्चारली होती. गमतीत चाललेलं वाक्य एका खुन्याच्या तोंडी गेलं. २८ एप्रिलला शेलबर्गने स्वतः व्हिडिओ काढून सांगितलं की ही मोहीम आता थांबवा. माझा भाचा मेमध्ये आकडे बघत होता ते या सगळ्यानंतर. चुरस संपली होती, हाक मागे घेतली गेली होती, तरी बघण्याची सवय उरली होती.

२९ मे रोजी टी-सीरीज दहा कोटींवर पोचलं. तिथे पोचणारं ते जगातलं पहिलं चॅनेल. प्युडिपायने तो टप्पा २५ ऑगस्टला गाठला. एकट्या माणसाच्या चॅनेलांत तो पहिला.

पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट त्याच मे महिन्यात घडली आणि तिच्याकडे घरातल्या कोणाचं लक्ष गेलं नाही. ऑगस्टपासून सबस्क्रायबरचा पूर्ण आकडा लोकांना दाखवणार नाही, असं यूट्यूबने जाहीर केलं. दोन कारणं दिली. एक, वेगवेगळ्या ठिकाणी आकडा वेगवेगळ्या प्रकारे दिसतो, तो एकसारखा दिसावा. दुसरं, सतत दुसऱ्याशी तुलना करून व्हिडिओ करणाऱ्यांच्या मनावर येणारा ताण. जाहीर करण्याच्या थोडे दिवस आधीच अमेरिकेत जेम्स चार्ल्स या मेकअप दाखवणाऱ्या तरुणाचं एका जुन्या मैत्रिणीशी उघड भांडण झालं होतं आणि काही दिवसांत त्याचे सुमारे तीस लाख सबस्क्रायबर गेले होते. तेव्हा लोक तोच फिरणारा अंक लावून बसले होते, या वेळी तो खाली जाताना बघायला. यूट्यूबने आपला निर्णय या प्रकरणाशी जोडलेला नाही. पण एकोणीस वर्षांच्या एका मुलाचं कोसळणं सेकंदासेकंदाला मोजत बसलेली माणसं पाहिल्यावर मला तरी तो निर्णय योग्य वाटतो.

नवा नियम साधा आहे. हजारापर्यंत आकडा पूर्ण दिसतो. त्यापुढे फक्त पहिले तीन अंक दिसतात आणि उरलेले खाली छाटले जातात. १,२३,४५६ सबस्क्रायबर असतील तर पडद्यावर १.२३ लाख. याचा परिणाम टप्प्याच्या जवळ सगळ्यांत जास्त जाणवतो. एक लाखाकडे निघालेलं चॅनेल ९९,९०० ला पोचलं की पडद्यावर ९९.९ हजार दिसतं, आणि ९९,९९९ होईपर्यंत तेच दिसत राहतं. शेवटची शंभर माणसं येताना कोणालाच दिसत नाहीत. दहा लाखांच्या आधी शेवटची हजार माणसं दिसत नाहीत. आणि दहा कोटींच्या आधी? ९.९९ कोटी हा आकडा एक लाख माणसं येईपर्यंत जागचा हलत नाही. टी-सीरीजला त्या आठवड्यात दिवसाला एक लाख नवे सबस्क्रायबर मिळत होते असं हिशेबासाठी धरू. जुन्या पद्धतीत सेकंदाला एकाहून थोडा जास्त अंक फिरतो, कारण दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. नव्या पद्धतीत तोच आकडा सकाळच्या चहापासून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत तसाच राहिला असता आणि मग एकदम दहा कोटी झाला असता. भाच्याने पहिल्या पाच मिनिटांत फोन उलटा ठेवला असता, याची मला खात्री आहे.

बाहेरच्या संगणकांनाही आता यूट्यूब हाच छाटलेला आकडा देतं. पूर्ण आकडा फक्त चॅनेलच्या मालकाला, त्याच्या स्वतःच्या YouTube Studio मध्ये दिसतो. तरीही फिरणारे अंक दाखवणारी संकेतस्थळं संपलेली नाहीत. आज कोणी मुलगा जेवताना मोठ्या चॅनेलचा एकेक अंक वाढताना बघत असेल, तर तो अंदाज बघतो आहे. आधीच्या दिवसांच्या वाढीवरून संगणक मधले अंक स्वतः रचून दाखवतो. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. तीच संख्या यूट्यूबवर बघायची. तिथे तीन अंक दिसत असतील तर त्यापुढचे बाहेरचे सगळे अंक रचलेले आहेत. जून २०२४ मध्ये मिस्टर बीस्टने टी-सीरीजला मागे टाकलं आणि प्युडिपायचा सूड घेतला असं लिहिलं. तेव्हा दोघं २६.६ कोटींच्या आसपास होते. या उंचीवर तिसरा अंक एकाने वाढायला दहा लाख माणसं लागतात. २०१९ च्या मुलांनी काही शेकड्यांचं अंतर रात्रभर पाहिलं होतं. २०२४ च्या मुलांना ओलांडण्याचा नेमका क्षण बाहेरून पाहता येण्यासारखा नव्हता.

त्यामुळे खरा, एकेक करून वाढणारा अंक आज सगळ्यांना दिसतो तो फक्त छोट्यांच्या चॅनेलवर, हजाराच्या आत. आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीचं रांगोळीचं चॅनेल आहे. तिच्या घरी मी रात्री गप्पा मारायला गेले तेव्हा सगळे जेवत होते आणि ती ९९० च्या पुढच्या घरात होती. तिचे वडील घास हातात धरून विचारत होते, "झाले का गं?" आत्याने सोलापूरहून मैत्रिणींना निरोप पाठवले होते. इथे बघण्याला अर्थ होता, कारण आकडा खरा होता आणि येणारं नाव बरेचदा ओळखीचं होतं. हजार झाल्यावर आईने तिच्या ताटात गुळाचा खडा ठेवला. त्यापुढे दहा-दहाच्या उड्या सुरू होतात, म्हणजे १.०१ हजार दिसायला आणखी दहा माणसं यावी लागतात. मालकीण म्हणून तिला आपला पूर्ण आकडा दिसत राहील, बाकीच्यांना नाही.

वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आता पैसे येतील ना? हजार हा टप्पा लोकांच्या तोंडी आहे तो याच समजामुळे, म्हणून नीट सांगितलं. जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर ही अर्धी अट आहे. दुसरी अट अशी की मागच्या बारा महिन्यांत लोकांनी सार्वजनिक व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावेत, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले गेलेले असावेत. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. तिचा व्हिडिओ लोक सरासरी तीन मिनिटं बघतात असं धरलं, तर वर्षात ऐंशी हजार वेळा तो पाहिला जायला हवा. शॉर्ट्सच्या ओळीत सरकवत पाहिलेले तास या चार हजारांत धरत नाहीत. मी तिच्या खात्यात पाहिलं तेव्हा तास तीनशेच्या आत होते. आत्याच्या मैत्रिणींनी बटण दाबलं होतं, रांगोळी पाहिली नव्हती. आणि तास भरले तरी अठरा वर्षांची होईपर्यंत पैशांचं खातं तिला वडिलांच्या नावाच्या खात्याला जोडावं लागेल.

मुलगी हे सगळं ऐकत होती. तिने फोनवर सबस्क्रायबरचं पान बंद केलं आणि तासांचं पान उघडलं. "काका-काकू लोकांनी नुसतं सबस्क्राइब करून भागत नाही तर," ती म्हणाली आणि वडिलांना विचारलं, संक्रांतीची ठिपक्यांची रांगोळी एकाच लांब व्हिडिओत दाखवायची की चार तुकड्यांत. वडील म्हणाले, लांब. ती म्हणाली, पण हात दुखतो आणि मधे कॅमेरा हलतो. मग दोघं स्टँड कुठे मिळेल याबद्दल बोलत बसले.